खिडकीवरील सौजन्य आणि वरिष्ठांचे कर्तव्य

वीज बिल भरण्याची खिडकी असो, बस स्थानकावरील चौकशीची जागा असो की दाखले देणारा तालुक्याचा कक्ष असो, जनतेशी पहिली गाठ पडते ती तेथे बसलेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्याची. या कर्मचाऱ्याला अनेकदा दोन्ही बाजूंनी ताण सोसावा लागतो. समोरचा ग्राहक संतापून अपशब्द वापरतो आणि मागे बसलेले वरिष्ठ बजावतात, "काहीही झाले तरी आपण नम्रच राहायचे." नम्रतेची अपेक्षा योग्यच आहे. परंतु 'काहीही झाले तरी' या शब्दांचा अर्थ नेमका काय घ्यावयाचा, हे बहुतेक कार्यालयांत कधी स्पष्ट केले जात नाही. परिणामी कर्मचारी एक तर मूकपणे अपमान गिळतो किंवा एखाद्या दिवशी त्याचा तोल सुटतो व त्याच्यावरच कारवाई होते. दोन्ही प्रकारांत ग्राहकाचे मूळ काम मागे पडते.

नियमाची अपेक्षा

अनेक कार्यालयांत व बँकांत ग्राहकाचे महत्त्व सांगणारी एक पाटी महात्मा गांधींच्या नावाने लावलेली आढळते. ग्राहक आपल्यावर अवलंबून नसून आपण त्याच्यावर अवलंबून आहोत, असा तिचा आशय असतो. गांधीजींच्या लेखनात या वचनाचा आधार सापडत नाही. तथापि आशय चांगला आहे आणि सरकारी कर्मचाऱ्याला तो नियमानेही लागू आहे. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, 1964 हे गोवा शासनाच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत. त्यांतील नियम 3-अ नुसार कर्तव्य बजावताना कर्मचाऱ्याने असभ्य वर्तन करता कामा नये आणि जनतेच्या कामात हेतुपुरस्सर दिरंगाई करता कामा नये.

हा नियम नीट वाचला म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. कर्मचाऱ्याने स्वतः काय बोलावे व कसे वागावे, यावर तो बंधन घालतो. कर्मचाऱ्याने शिव्या ऐकत बसलेच पाहिजे, असे तो कोठेही म्हणत नाही. उलट-उत्तर न देणे हा सौजन्याचा भाग आहे. शिवीगाळ थांबविण्याची स्पष्ट विनंती करणे हा सौजन्याचा भंग नव्हे. 'काहीही झाले तरी नम्र राहा' असे सांगणाऱ्या वरिष्ठाने हा भेद प्रथम स्वतः समजून घ्यावयास हवा.

खासगी दुकान व सरकारी कार्यालय यांत याबाबत एक मोठे अंतर आहे. दुकानदार उद्धट गिऱ्हाइकाला "दुसरीकडे जा" असे सांगू शकतो व गिऱ्हाइकालाही दुसरे दुकान असते. विजेचे बिल, जन्माचा दाखला किंवा शिधापत्रिका यांसाठी नागरिकाला दुसरी खिडकी नसते. म्हणून येथे 'तुमचे काम करणार नाही' हे उत्तर असूच शकत नाही. काम चालू ठेवावयाचे आणि अपमान थांबवावयाचा, अशी दुहेरी जबाबदारी कार्यालयावर येते. ती एकटा लिपिक पार पाडू शकत नाही, कारण काम दुसऱ्याकडे सोपविण्याचा किंवा निर्णय देण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. तो वरिष्ठाकडे असतो.

राग आणि शिवीगाळ यांतील भेद

मोठ्या आवाजात बोलणारा प्रत्येक माणूस उद्धट नसतो. ज्याला कमी ऐकू येते, तो मोठ्यानेच बोलतो. जो चौथ्यांदा त्याच कामासाठी आलेला आहे, त्याचा आवाज चढणे स्वाभाविक आहे. "तुमच्या खात्याचा कारभार म्हणजे अंधेर आहे" हे वाक्य कडवट असले तरी ते खात्याविषयीचे मत आहे व ते ऐकून घेतलेच पाहिजे. परंतु हेच बोलणे समोरच्या व्यक्तीवर, तिच्या आईबापांवर, जातीवर किंवा स्त्रीत्वावर घसरले, अथवा "बाहेर भेट, मग बघतो" अशी धमकी निघाली, की तेथे रागाची हद्द संपते.

ओळखण्याची एक सोपी खूण आहे. बोलण्यातून कामाचा विषय काढून टाकला तर काही उरते का, ते पाहावे. रागावलेल्या माणसाच्या बोलण्यात बिल, तारीख, हेलपाटे, साहेबांची गैरहजेरी असे विषय पुन्हा पुन्हा येतात. शिवीगाळ करणाऱ्याच्या बोलण्यात विषय हरवतो व व्यक्ती उरते. पहिल्याला उत्तर हवे असते. दुसऱ्यासाठी मर्यादा सांगावी लागते. एकाच माणसात दोन्ही गोष्टी एकत्र असणे हे तर नेहमीचेच. अशा वेळी काय करावे, हे एका प्रसंगावरून पाहू.

एक प्रसंग

तालुक्याच्या ठिकाणचे एक वीज कार्यालय आहे, असे समजू. बिल भरण्याच्या खिडकीवर एक महिला लिपिक बसलेल्या आहेत. रांगेत पंधरा-वीस माणसे आहेत. साठीच्या घरातील एक गृहस्थ बिल पुढे टाकतात. दरमहा 110 युनिटांचे येणारे बिल या महिन्यात एकदम 650 युनिटांचे आले आहे. लिपिक म्हणतात, "काका, बिल भरावे लागेल. मला यात काही करता येत नाही." गृहस्थांचा पारा चढतो. खात्याला चोर म्हणून ते थांबत नाहीत. लिपिकांना उद्देशून अर्वाच्य शब्द निघतात. गोंगाट ऐकून सहायक अभियंता बाहेर येतात. काय घडले हे न विचारता ते लिपिकांना म्हणतात, "बाई, माफी मागा आणि विषय संपवा." मग गृहस्थांना आत नेऊन चहा देतात व बिल दुरुस्त करून देण्याचे कबूल करतात.

वरवर पाहता विषय संपला. प्रत्यक्षात येथे तीन चुका झाल्या.

पहिली चूक बिलात आहे. मीटर घराच्या आतल्या बाजूस असल्यामुळे व दिवसा घरात कोणी नसल्यामुळे चार महिने मीटरची नोंद घेतली गेली नव्हती. त्या काळात सरासरीने 110 युनिटांप्रमाणे 440 युनिटांचे बिल झाले. पाचव्या महिन्यात नोंद घेतली तेव्हा पाच महिन्यांचा खरा वापर 1090 युनिट निघाला. उरलेले 650 युनिट एकाच बिलात आले. आता वीजदर टप्प्यांचे असतात; वापर जितका अधिक, तितका वरच्या युनिटांचा दर जास्त. 650 युनिट एकाच महिन्यात वापरले असे धरले, तर त्यांतील बरेचसे युनिट सर्वांत महागड्या टप्प्यात जातात. 1090 युनिट पाच महिन्यांत वाटले तर महिन्याला 218 युनिट पडतात व दर बराच उतरतो. याचा अर्थ गृहस्थांनी वीज वापरली होती हे खरे. आणि त्यांच्यावर अधिक आकारणी झाली असण्याचा संभव होता, हेही खरे. त्यांचा राग निराधार नव्हता.

दुसरी चूक लिपिकांच्या उत्तरात आहे. "मला यात काही करता येत नाही" हे वाक्य सत्य असले तरी अपुरे आहे. ते ऐकणाऱ्याला दार बंद झाल्यासारखे वाटते. कोणाकडे जावे, किती दिवसांत उत्तर मिळेल, तोवर वीज तोडली जाईल काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. वीज कायदा, 2003 च्या कलम 56 मध्ये या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आहे. बिलाविषयी वाद असल्यास मागणी केलेली पूर्ण रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ग्राहकाने हरकत नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत त्याची वीज तोडता येत नाही. शिवाय थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ही दोन वाक्ये खिडकीवर छापील कागदाच्या रूपाने ठेवलेली असती, तर संतापाचे मूळच बरेचसे निघून गेले असते.

तिसरी चूक वरिष्ठांची आहे आणि ती सर्वांत महाग पडते. त्यांनी जे काम शांतपणे मागणाऱ्यालाही मिळावयास हवे होते, ते शिवीगाळीनंतर दिले. रांगेतील पंधरा-वीस माणसांनी ते पाहिले. खिडकीवर सभ्यपणे बोलले तर काम अडते आणि आरडाओरड केली तर साहेब चहा देतात, हा धडा त्या दिवशी त्या सर्वांना मिळाला. पुढच्या महिन्यात त्याच खिडकीवर अधिक आवाज ऐकू येऊ लागल्यास नवल नाही. दरम्यान लिपिकांना चारचौघांत न केलेल्या अपराधाची माफी मागावी लागली. यापुढे त्या नियमावर बोट ठेवतील, पण कोणाला मदत करण्यासाठी आपणहून एक शब्द अधिक बोलणार नाहीत.

तोच प्रसंग, योग्य रीतीने

हाच प्रसंग तीन पायऱ्यांनी हाताळता येतो. पहिली पायरी कामाची आहे. लिपिकांनी बिल हातात घ्यावे, आकडा मोठ्याने वाचावा व म्हणावे, "काका, 110 च्या जागी 650 आले म्हणजे चौकशी करायलाच हवी. मीटरची नोंद कधी घेतली ते पाहते. बिल कमी करण्याचा अधिकार या खिडकीला नाही, तो सहायक अभियंत्यांना आहे. अर्ज मी देते." आकडा वाचल्याने आपले म्हणणे ऐकले गेले अशी समोरच्याची खात्री पटते. "शांत व्हा" असे म्हणण्याचा मोह मात्र टाळावा. संतापलेल्या माणसाला ते दटावल्यासारखे वाटते. पुष्कळदा प्रकरण याच पायरीवर निवळते.

अपशब्द तरीही चालू राहिले तर दुसरी पायरी. ती एकदाच, हळू आवाजात व ठरलेल्या शब्दांत घ्यावी : "आपली तक्रार मी ऐकते आहे व तिची नोंद करते. मात्र असे शब्द वापरणे आपण थांबवावे. ते थांबले नाहीत तर हे काम मला साहेबांकडे सोपवावे लागेल." या वाक्यात धमकी नाही. पुढे काय होणार, ते त्यात सांगितले आहे. शब्द आधीच ठरलेले असावेत, कारण अपमान होत असताना योग्य शब्द सुचत नाहीत. वारंवार तीच सूचना देऊ नये. तिसऱ्या-चौथ्या सूचनेला काही वजन राहत नाही.

तिसरी पायरी हस्तांतराची. कर्मचाऱ्याने अर्ज व बिल घेऊन उठावे किंवा सहकाऱ्याला निरोप द्यावा आणि वरिष्ठाने विलंब न लावता पुढे यावे. वरिष्ठाचे पहिले वाक्य येथे निर्णायक ठरते. "आपले बिल मी पाहतो. आमच्या कर्मचाऱ्यांशी या भाषेत बोलता येणार नाही. आपण इकडे बसा," अशा शब्दांत दोन्ही गोष्टी एका दमात सांगाव्यात. मग बिलाचा हिशेब नियमाप्रमाणे करावा. शांत माणसाला जे मिळाले असते तेच द्यावे. त्याहून अधिक नाही व शिक्षा म्हणून कमीही नाही. लिपिकाने दिलेले उत्तर नियमाला धरून असेल तर, "त्यांनी सांगितले ते बरोबर आहे" असे ग्राहकासमोर म्हणावे. उत्तर चुकले असेल तर दुरुस्ती मात्र नंतर, एकांतात करावी.

अलीकडे अशा प्रसंगी ग्राहक मोबाइलवर चित्रण सुरू करतो. मोबाइल हिसकावण्याचा किंवा हाताने झाकण्याचा प्रयत्न कदापि करू नये. त्या एका झटापटीने ग्राहकाची शिवीगाळ विसरली जाते व कर्मचारीच दोषी दिसतो. ठरलेली वाक्ये ठरलेल्या आवाजात बोलणाऱ्याला चित्रणाची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही.

प्रसंगानंतरचा अर्धा तास

कर्मचाऱ्याला ताबडतोब पुन्हा त्याच खिडकीवर बसविणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास मांडला व अशा कामाला 'भावनिक श्रम' असे नाव दिले. मनात एक असताना चेहऱ्यावर दुसरे ठेवणे हे हमालीप्रमाणेच श्रमाचे काम आहे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. ओझे वाहणाऱ्याला जशी विश्रांती लागते, तशीच याही श्रमाला लागते. पंधरा-वीस मिनिटे दुसऱ्यास खिडकीवर बसवून त्या कर्मचाऱ्याला आतील काम द्यावे. असे न केल्यास आधीच्या माणसाचा राग रांगेतील पुढच्या निरपराध माणसावर निघतो, हा अनुभव रांगेत उभे राहणाऱ्या प्रत्येकाला आहे.

याच वेळी नोंद करावी. तारीख, वेळ, काम कोणते होते, कोणते शब्द उच्चारले गेले, कोण हजर होते आणि काय केले, एवढे पुरे. 'असभ्य भाषा वापरली' असे मोघम लिहू नये. शब्द जसेच्या तसे लिहावेत, ते लिहिण्याचा संकोच वाटला तरी. पुढे चौकशी झाल्यास मोघम नोंदीचा उपयोग होत नाही. कार्यालयात कॅमेरा असेल तर त्या वेळचे चित्रण जपून ठेवण्याविषयी त्याच दिवशी लेखी कळवावे, कारण जुन्या चित्रणावर नवे चित्रण होऊन ते पुसले जाते. नोंदवहीचा दुसराही लाभ आहे. सहा महिन्यांच्या नोंदी एकत्र पाहिल्या आणि त्यांतील बऱ्याचशा सरासरी बिलांवरून झालेल्या असल्या, तर दोष ग्राहकांच्या स्वभावात नसून मीटरच्या नोंदी घेण्याच्या पद्धतीत आहे, हे वरिष्ठाला उमगते.

कायद्याचा आधार व त्याची मर्यादा

सरकारी कामात अडथळा आणणाऱ्यास भारतीय दंड संहितेच्या कलम 353 खाली शिक्षा होईल, अशा पाट्या अनेक कार्यालयांत होत्या व काही ठिकाणी अजूनही आहेत. 1 जुलै 2024 पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली असून त्या कलमाच्या जागी कलम 132 आले आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परंतु हे कलम केवळ शब्दांना लागू होत नाही. लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर झाला असेल, तरच ते लागू होते. तोंडी वादासाठी या पाटीकडे बोट दाखविणे कायद्याला धरून नाही, आणि आधीच चिडलेल्या नागरिकाला ते अधिक चिडविते.

लोकसेवकाच्या कामात स्वेच्छेने अडथळा आणणे हा कलम 221 खालील निराळा अपराध आहे. त्याची दखल न्यायालयाने घ्यावयाची तर संबंधित लोकसेवकाने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी फिर्याद द्यावी लागते. शांतताभंग व्हावा अशा रीतीने हेतुपुरस्सर केलेला अपमान कलम 352 मध्ये, धमकी कलम 351 मध्ये आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करणारे शब्द वा हावभाव कलम 79 मध्ये येतात. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला चारचौघांत जातीवाचक शिवी देणे हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील अपराध आहे. अशा प्रकारांत, तसेच अंगावर हात टाकला गेल्यास, तीन पायऱ्यांची वाट न पाहता पोलिसांना बोलवावे.

महिला कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तर वरिष्ठाला 'दुर्लक्ष करा' असे सांगण्याची मोकळीकच नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यातील कलम 19 नुसार कर्मचाऱ्यांना सुरक्षित वातावरण देणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनची सुरक्षितताही त्यात मोडते. मघाच्या प्रसंगातील शब्द तशा स्वरूपाचे असतील, तर लिपिकांना माफी मागावयास लावणारे सहायक अभियंता स्वतःच्या कर्तव्यात चुकलेले ठरतात.

नागरिकाने काय करावे

खिडकीवरील कर्मचाऱ्याला बिल कमी करण्याचा अधिकार नसतो, हे लक्षात ठेवले तर बराच त्रास वाचतो. त्याच्याकडे तीन गोष्टी मागाव्यात : निर्णय कोण घेणार त्याचे पदनाम, अर्जाची तारखेसह पोच आणि उत्तराची मुदत. वादग्रस्त बिलाची रक्कम कलम 56 प्रमाणे हरकत नोंदवून भरावी. उत्तर न मिळाल्यास वीज ग्राहकांसाठी याच कायद्याच्या कलम 42 खाली तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल आहे. तेथे पोच व तारखा उपयोगी पडतात. खिडकीवर उच्चारलेल्या शिव्या तक्रारदाराच्याच विरुद्ध जातात.

उपरोक्त प्रसंगातील गृहस्थांना अखेर 650 युनिटांचा हिशेब पाच महिन्यांत वाटून मिळावयास हवा, व तो मिळावा. तसेच त्या लिपिकांना आपले वरिष्ठ आपल्या पाठीशी उभे आहेत हेही दिसावयास हवे. कर्मचाऱ्याकडून सौजन्याची सक्तीने अपेक्षा करणाऱ्या प्रत्येक कार्यालयप्रमुखाने त्याच आदेशाच्या कागदावर आणखी तीन ओळी लिहाव्यात : सूचना देण्याचे शब्द कोणते, प्रकरण कोणाकडे सोपवावयाचे आणि ते अधिकारी जागेवर नसतील तेव्हा कोण पुढे येणार. या तीन ओळींवाचून दिलेला नम्रतेचा आदेश अपुरा राहतो.